रंजक म्हणजे स्फुरद, पण स्फुरद म्हणजे किती पोती?

सीमाभागातल्या मराठी घरात कन्नड वाचता येणारं एक तरी पोर असतं आणि घरातले सगळे सरकारी कागद फिरत फिरत त्याच्याकडे येतात. आमच्या घरात ते पोर म्हणजे मी. शाळा मराठी माध्यमाची, पण कन्नड विषय होताच. त्यामुळे विजेचं बिल, शेताचा उतारा, रेशनचा कागद, सगळं माझ्याच फोनवर. गेल्या मे महिन्यात खानापूर तालुक्यातल्या आमच्या धाकट्या काकांकडून एक फोटो आला. माती परीक्षणाचा अहवाल होता. पाठोपाठ त्यांचा आवाज: "हे बघ गं जरा. लांबड लावू नकोस, किती पोती घालायची तेवढं सांग."

पोत्यांचं उत्तर त्यांच्याकडे आधीच होतं, हे मला संध्याकाळी फोन केल्यावर कळलं. त्यांनी तो कागद खताच्या दुकानात दाखवला होता. तिथल्या पोराने छापलेले आकडे वाचून हिशोब केला: डीएपी १३६ किलो, म्हणजे जवळजवळ तीन पोती, युरिया १६४ किलो, म्हणजे पावणेचार पोती, पोटॅश ८३ किलो, म्हणजे पावणेदोन पोती. शेत तीस गुंठे. काकूंना हे जास्त वाटलं, म्हणून फोटो माझ्याकडे आला. डीएपीचं पोतं १,३५० रुपयांना. नुसत्या डीएपीचे ४,०५० रुपये सोसायटीच्या कर्जातून जाणार होते आणि येत्या रविवारी गाडी घेऊन काका खत आणायला निघणार होते.

दुकानातल्या पोराने आकडे चुकीचे वाचले नव्हते. कागदावर १३६ च छापलं होतं. पण ते १३६ कशाचे, हे वरच्या ओळीत बारीक अक्षरात होतं: "प्रति हेक्टेरिगे". दर हेक्टरी. हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर, म्हणजे शंभर गुंठ्यांना एक-सव्वा गुंठा कमी. काकांचं शेत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान.

आता मुळापासून सांगते, कारण असे फोटो तुमच्याकडेही येत असणार. वडोदऱ्यात गुजरातीत येतील, हैदराबादेत तेलुगूत येतील. शब्द बदलतील, पण हिशोब हाच राहील.

सगळ्यात आधी मी काकांना फोटो पुन्हा काढायला लावला. कागद चार घड्यांचा, वर ट्यूबलाइटची चकाकी आणि खालच्या ओळीवर त्यांचा अंगठा. एक घडी नेमकी सामूच्या आकड्यावरून गेली होती. ५.२ आहे की ८.२, ते समजेना. हा फरक साधा नाही. सामू म्हणजे शाळेत आपण ज्याला पीएच म्हणायचो ते. ७ म्हणजे ना आम्ल ना अल्क, त्याखाली आम्लधर्मी, त्यावर अल्कधर्मी. शिवाय एका आकड्याचा फरक दहा पटींचा असतो: ५.२ सामूची जमीन ६.२ च्या दहा पट आम्ल. ५.२ असेल तर जमिनीला चुना लागतो, ८.२ असेल तर चुन्याने नुकसानच होईल.

अशा वेळी आकड्याकडे डोळे ताणून बघण्यापेक्षा शेजारचा शब्द वाचावा. या कागदांवर प्रत्येक आकड्याच्या पुढे एक शेरा असतो आणि आकडा व शेरा एकमेकांची साक्ष देतात. इथे शेरा होता "आम्लीय". शब्द कन्नड, पण मराठी माणसाला सरळ कळणारा. अल्कधर्मी असती तर "क्षारीय" लिहिलं असतं. म्हणजे आकडा ५.२ च. दुसऱ्या दिवशी उजेडात काढलेल्या फोटोत तो दिसलाही. आणि अंगठ्याखालची ओळही दिसली. ती या कागदातली सगळ्यात महत्त्वाची ओळ होती, पण तिच्याकडे नंतर येते.

कन्नड कागद मराठीत वाचताना गंमत अशी, की निम्मे शब्द ओळखीचे वाटतात आणि त्यातलेच काही फसवतात. "रससार" वाचून काकांच्या मुलाला वाटलं, उसाच्या रसाचं काहीतरी आहे. ते म्हणजे सामू. "रंजक" म्हणजे मनोरंजक नव्हे, स्फुरद, इंग्रजीत फॉस्फरस. "सारजनक" म्हणजे नत्र. "सावयव इंगाल" म्हणजे सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्याचा आणि शेणखताचा जमिनीत उरलेला अंश. "सतु" म्हणजे जस्त, "कब्बिण" म्हणजे लोखंड. "गंधक" मात्र गंधकच. शेऱ्यांमध्ये "कडिमे" म्हणजे कमी, "मध्यम" म्हणजे मध्यम आणि "हेच्चु" म्हणजे जास्त.

मी हे सगळं नीट मराठीत लिहून काढलं आणि काकांना पाठवलं: नत्र मध्यम, स्फुरद कमी, पालाश मध्यम, सामू ५.२. त्यांचं उत्तर आलं, "हे काय लिहिलंस? कन्नडच बरं होतं की." आणि त्यांचं खरं होतं. नत्र-स्फुरद-पालाश हे शब्द पुस्तकात आणि रेडिओवर असतात. काका आयुष्यभर युरिया, डीएपी आणि पोटॅश म्हणत आलेत. त्यांची भाषा पोत्यांची आहे, घमेल्यांची आहे. कन्नडमधून पुस्तकी मराठीत आणलं तर निम्मीच वाट होते. पुढची निम्मी वाट आकड्यांची.

ती चालण्याआधी एक गोष्ट तपासली. हा कागद आपल्याच मातीचा आहे ना? मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ साली सुरू झाली तेव्हा नमुने चौकटी आखून घ्यायचे ठरलं होतं: बागायती भागात अडीच हेक्टरला एक आणि कोरडवाहू भागात दहा हेक्टरला एक. म्हणजे दहा हेक्टरांत वीसजणांची शेतं असली तर वीसजणांच्या पत्रिकेवर एकाच खड्ड्याची माती. अशी पत्रिका वाईट नसते, पण ती शिवाराचा अंदाज देते, तुमच्या वावराचा नाही. काकांनी मात्र स्वतः माती नेऊन दिली होती. कागदावरचा सर्वे नंबर मी उताऱ्याशी ताडून पाहिला, जुळला. भाताच्या तीस गुंठ्यांचाच तो होता.

आता आकडे. अहवालात दोन वेगळी कोष्टकं होती आणि ती दोन वेगळ्या गोष्टी सांगत होती. पहिलं कोष्टक जमिनीत आज काय आहे ते सांगतं, दुसरं पिकाला वरून काय द्यायचं ते. ही दोन कोष्टकं एकमेकांत मिसळणारे बरेच असतात. पहिल्यात नत्राचा आकडा ३१० होता, तो बघून काकांचा मुलगा म्हणाला, "एवढं आहे जमिनीत, तर वरून कशाला घालायचं?" पण ते ३१० म्हणजे हेक्टरभर जमिनीच्या वरच्या वीतभर थरात असलेलं, हळूहळू मोकळं होणारं नत्र. २८० च्या खाली कमी, ५६० च्या वर जास्त, मधलं सगळं मध्यम. घरातल्या कणगीत धान्य आहे, पण ते सगळं आजच्या जेवणाला दळून तयार नाही, तसं.

स्फुरदाचा आकडा होता ९, शेरा "कडिमे". इथे काका चिडले. "दरवर्षी डीएपी घालतोय की मी! गेलं कुठे?" प्रश्न अगदी बरोबर होता आणि त्याचं उत्तर वरच्या सामूच्या ओळीत होतं. खानापूरकडची तांबडी जमीन भरपूर पावसात शतकानुशतकं धुतली गेलेली. चुनखडीचा अंश वाहून गेला, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. जमीन इतकी आम्ल झाली की हे दोघे मोकळे होतात आणि घातलेल्या स्फुरदाला धरून ठेवतात. स्फुरद जमिनीतून जात नाही, तिथेच असतं. पण मुळांना मिळत नाही. प्रयोगशाळा मुळांना मिळू शकेल तेवढंच मोजते, म्हणून आकडा ९. अशा जमिनीत तीन पोती डीएपी ओतलं असतं तरी त्यातलं बरंचसं लोखंडाने धरूनच ठेवलं असतं.

बाकीचे रकाने मी भरभर सांगून टाकले. सेंद्रिय कर्ब ०.८२, पाऊण टक्क्याच्या वर, म्हणजे चांगला; जंगलाजवळच्या शिवारात तो असतोच. लोखंड "हेच्चु", त्याचं नवल नाही आणि त्यावर करण्यासारखंही काही नाही. पालाश मध्यम. क्षार नगण्य, एवढ्या पावसात क्षार टिकतील कसे?

दुसऱ्या कोष्टकात भातासाठी शिफारस होती: १००, ६२.५, ५०. ही मात्र नत्र, स्फुरद आणि पालाश यांची किलोंमधली मात्रा, दर हेक्टरी. अर्धा किलो कुठून आला, असं मला वाटलं होतं. धारवाडच्या कृषी विद्यापीठात शिकलेल्या माझ्या मैत्रिणीने सांगितलं, की मूळ मात्रा १००, ५०, ५० अशी असणार. स्फुरद कमी निघालं म्हणून त्यात पाव हिस्सा वाढवला. पन्नासाचा पाव साडेबारा. म्हणजे प्रयोगशाळेने काकांच्या मातीकडे बघून जो काही बदल केला तो एवढाच: स्फुरद पाव पटीने जास्त. बाकी सगळं नेहमीचंच.

त्याखाली तीच मात्रा खतांच्या रूपात दिली होती आणि तीही एकदा नव्हे, दोनदा. एक संच डीएपी, युरिया, पोटॅशचा. दुसरा संच सुपर फॉस्फेट, युरिया, पोटॅशचा. दोन्हींच्या मधे एक शब्द: "अथवा". हा शब्द कन्नडमध्येही तोच आहे आणि अर्थही तोच. पण तो इतक्या बारीक अक्षरात, दोन चौकटींच्या फटीत छापलेला की काकांच्या शेजाऱ्यांनी त्यांच्या कागदावरचे दोन्ही संच एकापाठोपाठ घालायचे असं धरलं होतं. त्यांच्या शेतात युरिया दुप्पट पडला असता. भाताला युरिया जास्त झाला की हिरवंगार दिसतं, बघणारा खूष होतो. मग ताट मऊ पडून भात लोळतो, करप्याला आमंत्रण मिळतं आणि लोंबीत पोचट दाणे राहतात.

काकांचा हिशोब आम्ही फोनवर, कागद-पेन घेऊन, पहिल्या पायरीपासून केला. मी सांगत गेले आणि काकूंनी लिहून घेतलं.

हेक्टरचे आकडे अडीचने भागले की एकराचे होतात. १०० चे ४०, ६२.५ चे २५, ५० चे २०. तीस गुंठे म्हणजे पाऊण एकर. म्हणून नत्र ३० किलो, स्फुरद पावणे एकोणीस किलो, पालाश १५ किलो. एवढं काकांच्या शेताला हवं. पण हे अजून खत नाही, खतातला कस आहे.

खताच्या पोत्यावर जे आकडे असतात ते कशाचे, हे इथे कळतं. डीएपीवर १८:४६ असतं. शंभर किलो डीएपीत १८ किलो नत्र आणि ४६ किलो स्फुरद. पावणे एकोणीस किलो स्फुरद मिळवायला ४१ किलो डीएपी लागतं. एक पोतं ५० किलोचं, म्हणजे पोतंभरसुद्धा नाही. या ४१ किलोंबरोबर सात किलोंच्या वर नत्र फुकट येतं, ते ३० मधून वजा करायचं. हे वजा करायला लोक विसरतात. उरलं पावणेतेवीस किलो. युरियात शंभराला ४६ नत्र, म्हणून ४९ किलो युरिया. युरियाचं पोतं आता ४५ किलोचं असतं. एक पोतं आणि वर चार किलो. पोटॅशमध्ये शंभराला ६० पालाश, म्हणून १५ किलोंसाठी २५ किलो पोटॅश, म्हणजे बरोबर अर्धं पोतं.

"म्हणजे एक, एक आणि अर्धं?" काका म्हणाले. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग काकूंचा आवाज आला, "मी म्हटलं नव्हतं?"

ज्यांना एवढी भागाभागी नको त्यांच्यासाठी एक सोपी खूण आहे. हेक्टर म्हणजे जवळपास शंभर गुंठे. अहवालात खताचा जो हेक्टरी आकडा असेल, त्याला शंभराने भागलं की एका गुंठ्याचं खत निघतं. डीएपी १३६ तर गुंठ्याला १ किलो ३६० ग्रॅम. तीस गुंठ्यांना तीसपट, पुन्हा ४१ च्या आसपास. आपल्याकडच्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतांना हीच पद्धत बरी, कारण पाऊण एकराचं शेत म्हणजे कागदावर पाऊण एकर; प्रत्यक्षात ते चार-पाच लहान भाचरांत वाटलेलं असतं आणि प्रत्येकाचं खत वेगळं मोजावं लागतं.

युरियाचे वाटे करायचे होते. निम्मं नत्र लावणीच्या वेळी, पाव फुटवे फुटताना, पाव पोटरीच्या आधी. पण लावणीच्या वेळच्या निम्म्यात डीएपीचं नत्र आधीच धरलेलं असतं. ते वजा केल्यावर मजा अशी झाली की युरियाचे तिन्ही वाटे सारखेच आले, प्रत्येकी साधारण साडेसोळा किलो. काकांना हे सगळ्यात जास्त आवडलं. तीन सारखे ढीग करून तीन पिशव्यांत बांधून ठेवायचे, विसरायला काही उरत नाही.

आता अंगठ्याखालची ओळ. तिथे लिहिलं होतं: "कृषि सुण्ण", हेक्टरी अडीच टन. सुण्ण म्हणजे चुना; बेळगावच्या बाजारात पानाच्या गादीवर उभं राहिलेल्या कुणालाही हा शब्द कळतो. म्हणूनच तो घातक ठरू शकतो. काका लगेच म्हणाले, "घर रंगवायचा चुना पडलाय की गोठ्यात, तो टाकू?"

शब्दाचं भाषांतर बरोबर, वस्तू वेगळी. शेतीचा चुना म्हणजे चुनखडीची बारीक पूड, भाजलेली नव्हे. घर रंगवायचा किंवा पानाचा चुना हा भाजून, विरवून केलेला. तो जास्त कडक. चुनखडीच्या १०० किलोंचं काम विरलेला चुना ७४ किलोंतच करतो आणि न विरलेली कळी ५६ किलोंतच. किलोला किलो असा बदल केला तर मात्रा वाढून बसते, शिवाय कळीचा चुना हाताला-डोळ्यांना भाजतो तो वेगळाच. दुकानातून चुना घेताना तो चुनखडीची पूड आहे का, हे विचारावं, आणि पूड पिठासारखी बारीक आहे का ते चिमटीत घेऊन बघावं. जाडी भरड वर्षानुवर्षं तशीच पडून राहते.

अडीच टन हा आकडा मात्र सामूवरून काढलेला नसतो, हे मला मैत्रिणीकडूनच कळलं. सारख्याच ५.२ सामूच्या दोन जमिनींना वेगवेगळा चुना लागू शकतो. चिकण माती आणि सेंद्रिय कर्ब जास्त असेल तर जमीन आपली आम्लता सहज सोडत नाही, तिला जास्त लागतो. रेताड जमिनीचं थोडक्यात भागतं. प्रयोगशाळेत त्यासाठी वेगळी चाचणी करतात. म्हणून शेजाऱ्याच्या कागदावरचा चुन्याचा आकडा आपल्याला लावू नये, सामू सारखा दिसला तरी.

शंभराने भागलं, तर गुंठ्याला २५ किलो. तीस गुंठ्यांना साडेसात क्विंटल. खतात वाचलेले पैसे इथे जाणार, वर गाडीभाडं. काकांनी विचारलं, "हा न घालून भात येणार नाही काय?"

हा प्रश्न मी मैत्रिणीला विचारला आणि तिचं उत्तर मला सगळ्यात जास्त आवडलं. ती म्हणाली, येईल. भाताची गोष्ट निराळी आहे. चिखलणी करून पाणी साठलं की दोन-तीन आठवड्यांत आम्ल जमिनीचा सामू आपोआप वर सरकतो, सातच्या जवळपास जातो. पाण्याखाली हवा नसते, त्यामुळे लोखंडाचं रूप बदलतं आणि त्याने धरून ठेवलेलं थोडं स्फुरदही सुटतं. म्हणजे आपले आजे-पणजे चुना न घालता याच जमिनीत भात काढत होते त्यात नवल नाही; पाणीच चुन्याचं काम करत होतं. पण भात कापला, पाणी ओसरलं, की जमीन पुन्हा होती तशी आम्ल. मग त्यात मसूर पेरला की त्याला ५.२ चाच सामू भोगावा लागतो. कडधान्यांच्या मुळांवर ज्या गाठी येतात, हवेतलं नत्र धरणाऱ्या, त्या आम्ल जमिनीत नीट होत नाहीत.

हे ऐकून काका गप्प झाले. भातामागचा मसूर गेली काही वर्षं वीतभर होऊन पिवळा पडत होता आणि ते बियाण्याला दोष देत होते. मी त्यांना सांगितलं, की एखादं रोप ओलसर मातीतून अलगद उपटून मुळं बघा. गाठी भरपूर असतील आणि फोडल्यावर आत गुलाबी दिसत असतील तर काम चाललंय. गाठी तुरळक आणि आतून पांढुरक्या असतील तर नाही. मे महिन्यात मसूर कुठला बघायला मिळणार, पण त्यांना आठवत होतं. "गाठी? गुळगुळीत मुळं असतात की आमची."

तेव्हा चुना भातासाठी नव्हे, मसुरासाठी असं ठरलं. पण घालायचा मात्र मे महिन्यातच, कारण त्याचं काम सावकाश चालतं. आत्ता पसरून नांगरला की चिखलणीत तो नीट कालवला जाईल आणि मसुराच्या पेरणीपर्यंत पाच-सहा महिने मिळतील. सगळा साडेसात क्विंटल एकदम झेपणार नव्हता. या वर्षी निम्मा, पावणेचार क्विंटल, आणि उरलेला पुढच्या उन्हाळ्यात, असा काकांनी स्वतःच निर्णय घेतला. मैत्रिणीने एकच बजावलं: चुना आणि युरिया किंवा डीएपी एकाच वेळी पडू देऊ नका, मधे दोन-तीन आठवडे जाऊ द्या. नाहीतर खतातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं. त्याचा उग्र वास नाकालाच कळतो. चुना मेच्या मध्यात, डीएपी लावणीला जुलैत, म्हणजे अंतर आपोआपच पडलं.

एवढं झाल्यावर मी काकांना दुसरा संदेश पाठवला. त्यात नत्र, स्फुरद, सामू असा एकही शब्द नव्हता. जसा पाठवला तसा देते:

"भाताचे तीस गुंठे. जमीन आंबट आहे. आत्ता नांगरटीआधी चुनखडीची पूड, गुंठ्याला साडेबारा किलो, घरचा चुना नको. लावणीला डीएपी ४१ किलो, पोटॅश २५ किलो, युरिया साडेसोळा. फुटव्याला युरिया साडेसोळा. पोटरीआधी युरिया साडेसोळा. युरिया टाकताना पाणी काढा, मग परत सोडा. दुसरा संच घालायचा नाही, तो याच्या बदल्यात आहे."

काकूंनी तो वहीच्या पानावर लिहून खताच्या खोलीत दारामागे चिकटवला. डीएपी जूनमध्ये मिळालंच नाही तर काय, हेही त्यांनी विचारून ठेवलं. तेव्हा दुसरा संच कामाला येतो: सुपर फॉस्फेटमध्ये शंभराला १६ च स्फुरद, म्हणून ते ११७ किलो लागेल आणि त्यात नत्र नसल्याने युरिया ६५ किलो होईल. पोती वाढतात, पण त्याबरोबर थोडं गंधक मिळतं.

मग काकांनी विचारलं, "हेच माळावरच्या रताळ्यांना चालेल ना?" नाही चालणार. माळावर पाणी साठत नाही, माती वेगळी, पीक वेगळं. त्याचा कागद वेगळा काढावा लागेल. माती कशी घ्यायची ते मी सांगितलं: शेतात नागमोडी चालत आठ-दहा जागा धरायच्या, बांधाजवळ, झाडाखाली, शेणखताचा ढीग होता तिथे घ्यायची नाही. वरचं गवत खरवडून वीतभर खोल, खुरप्याने इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करायचा आणि त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंतची माती घ्यायची. सगळी एकत्र कालवून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवायची. आणि खताच्या रिकाम्या पोत्यात अजिबात भरायची नाही. त्यातल्या दोन-चार दाण्यांनी सगळा अहवाल खोटा होतो.

ऑक्टोबरच्या शेवटी, रताळी काढल्यावर, काकांनी माळाची माती रैत संपर्क केंद्रात नेऊन दिली. जुन्या कापडी पिशवीत, आत चिठ्ठी टाकून: नाव, गाव, सर्वे नंबर, आणि खाली मराठीत, "माळ. दहा गुंठे. रताळी." कागद अजून आलेला नाही. आला की अंगठा बाजूला ठेवून फोटो काढा, एवढं सांगून ठेवलंय.